बार खाली ठेवल्यावर नाडी कोसळते तेव्हा: कोथरूडमधलं एक प्रकरण

श्रावणातल्या एका सोमवारी संध्याकाळी मला व्हॉट्सअ‍ॅपवर एका आलेखाचा फोटो आला. सोबत एकच ओळ होती, "मॅडम, माझा ठोका चुकला का?" पाठवणारे गृहस्थ ४६ वर्षांचे, कर सल्लागार, कोथरूडला राहणारे. आमच्या जिममध्ये दोन वर्षं येत होते आणि जमिनीवरचा वजनाचा बार उचलून सरळ उभं राहायचा व्यायाम, म्हणजे डेडलिफ्ट, मीच त्यांना शिकवला होता. आलेखात नाडीची रेघ ९२ वरून चढून १२७ ला गेली होती आणि तिथून कडा तुटावा तशी ७१ वर आली होती. पुढे ती पुन्हा शंभरच्या आसपास गेली.

नुसता आलेख असता तर मी एवढी गंभीर झाले नसते. मी फोन केला तेव्हा त्यांनी बाकीचं सांगितलं. सकाळी साडेसहाला १२० किलोचे तीन रेप्स मारले, म्हणजे बार तीनदा उचलून ठेवला. बार खाली ठेवून सरळ उभे राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. रॅकचा खांब हाताला लागला म्हणून पडले नाहीत. चार-पाच सेकंदांत सगळं ठीक झालं, म्हणून कुणाला काही बोलले नाहीत. दुपारी सहज घड्याळाचं अ‍ॅप उघडलं तर ही दरी दिसली.

"रविवारी सिंहगड चढलो तेव्हा असं काहीच नव्हतं हो," ते म्हणाले आणि तोही आलेख पाठवला. आतकरवाडीपासून वरपर्यंत नाडी हळूहळू १५५ पर्यंत गेलेली, वर दही खायला बसल्यावर हळूहळू उतरलेली. टेकडीच्या उतारासारखी गोल रेघ. त्यांचा प्रश्न रास्त होता. हृदय एकच आहे, मग गडावर शहाण्यासारखं वागणारं हृदय जिममध्ये असं का उडी मारतं?

मी त्यांना तेव्हाच सांगितलं की डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय बारला हात लावायचा नाही. आलेखातली दरी बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, पण अंधारी येणं हे लक्षण आहे आणि त्याचा निवाडा जिममध्ये होत नाही. त्यांनी त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवलं. ईसीजी आणि इको व्यवस्थित निघाले. दवाखान्यातला रक्तदाब १४२/८८ होता. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजल्यावर सरासरी १३४/८४ आली. म्हणजे थोडा वरचा, लक्ष ठेवण्याजोगा. डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली, वजन १०० किलोच्या वर न्यायचं नाही अशी अट घातली आणि "उचलताना श्वासाचं काय करता ते जरा बघा" असं सांगितलं. इथून पुढचं काम माझं होतं.

आधी आलेख खरा आहे का, हे पाहायला हवं होतं. मनगटावरचं घड्याळ त्वचेखालच्या रक्ताच्या लाटेवर हिरवा प्रकाश टाकून ठोके मोजतं. डेडलिफ्टमध्ये मूठ करकचून आवळलेली असते, मनगटावरच्या शिरा ताणून वर येतात, घड्याळाचा पट्टा हलतो. प्रकाशाला लाट नीट दिसत नाही, मग घड्याळ मागच्या काही सेकंदांची सरासरी पुढे ढकलत राहतं. हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. बार जमिनीला टेकल्याची वेळ माहीत असेल तर घड्याळाचा सर्वोच्च आकडा त्याच्या किती नंतर आला ते पाहायचं. यांच्या बाबतीत जिमच्या कॅमेऱ्यात बार टेकल्यानंतर नऊ सेकंदांनी घड्याळ १२७ दाखवत होतं. प्रत्यक्षात तोवर नाडी उतरायला लागलेली असणार. म्हणजे दरी खरी असली तरी तिची जागा चुकीची होती, आणि कदाचित खोलीही कमी दिसत होती.

म्हणून पुढच्या खेपेला छातीचा पट्टा लावला. त्याचे इलेक्ट्रोड ओले करून छातीच्या स्नायूंच्या खाली, बरगड्यांवर घट्ट बसवले की तो हृदयाचा विद्युत संकेतच पकडतो आणि दोन ठोक्यांमधलं अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदवतो. मूठ आवळल्याने त्याला फरक पडत नाही. बाजूला फोनवर व्हिडिओ लावून ठेवला, म्हणजे श्वास कधी घेतला, कधी सोडला आणि बार कधी टेकला हे आलेखाशी जुळवता येईल. हे जुळवणं महत्त्वाचं आहे, कारण या सगळ्या प्रकरणात सेकंदांनाच अर्थ आहे.

पहिला सेट १०० किलो, तीन रेप्स. "नेहमी करता तसंच करा," एवढंच मी सांगितलं. त्यांनी बारवर वाकून पोट भरून श्वास घेतला, गाल फुगले, आणि एकाच दमात तिन्ही रेप्स काढले. तिसऱ्यात मानेची शीर दिसायला लागली आणि चेहरा जांभळट झाला. बार टेकला तेव्हा "हुफ्फ" करून सगळी हवा एकदम बाहेर सोडली आणि ते ताडकन सरळ झाले. श्वास घेतल्यापासून सोडेपर्यंत अकरा सेकंद. या वेळी मी त्यांच्या पाठीशीच उभी होते, पण अंधारी आली नाही.

पट्ट्याच्या आलेखात गोष्ट स्पष्ट होती. वाकताना नाडी ९४. श्वास कोंडल्यावर पहिल्या दोन-तीन ठोक्यांत ती किंचित खाली, ८९. मग चढत चढत दहाव्या सेकंदाला १२८. श्वास सुटल्यावर लगेच उतरली नाही, उलट आणखी वर जाऊन १३१ झाली. त्यानंतर पाच-सहा सेकंदांत थेट ६९. तिथे जेमतेम चार ठोके थांबून परत वर, तिसाव्या सेकंदाला ९८. ठोक्यांच्या अंतरात सांगायचं तर सर्वांत जवळचे दोन ठोके ०.४६ सेकंदाच्या अंतराने होते आणि सर्वांत लांबचे ०.८७ सेकंदाच्या. ठोका कुठेच चुकला नव्हता. ते एकामागोमाग एक क्रमाने दूर दूर होत गेले आणि तसेच क्रमाने जवळ आले.

हा क्रम ज्या कृतीतून येतो ती वैद्यकात फार जुनी आहे. अंतोनिओ मारिया वाल्साल्वा (१६६६–१७२३) या बोलोन्याच्या शरीररचनातज्ज्ञाने १७०४ साली कानावर ग्रंथ लिहिला. नाक-तोंड बंद करून जोराने फुंकलं की कानात हवा जाते आणि मधल्या कानातला पू बाहेर यायला मदत होते, हे त्याने त्यात मांडलं. लोहगावला विमान उतरताना कान बंद होतात म्हणून आपण नाक दाबून फुंकतो, ती हीच कृती. वजन उचलताना नाक दाबावं लागत नाही. घशातली स्वरयंत्राची फट आपोआप मिटते आणि छाती-पोटाचे स्नायू कोंडलेल्या हवेवर जोर लावतात. आपल्याकडे याला साधा शब्द आहे, कुंथणं. बद्धकोष्ठ असलेला माणूस शौचाला बसून करतो तेच. तेव्हाही नाडी अशीच वागते.

आता आत काय घडतं ते सावकाश पाहू, कारण त्यांची भीती इथेच निवळली.

हवा कोंडून जोर लावला की छातीतला दाब एकदम वाढतो. छातीतून जाणारी महाधमनी बाहेरून दाबली जाते आणि तिच्यातलं रक्त पुढे ढकललं जातं, म्हणून पहिल्या क्षणी रक्तदाब उसळतो. मानेतल्या कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. ती मेंदूला कळवतात की दाब वाढला, आणि हृदय किंचित मंद होतं. ८९ चा तो छोटा खळगा त्याचाच.

पण छातीतला दाब वाढलेलाच राहिला की दुसरी अडचण उभी राहते. पायाकडून आणि पोटाकडून हृदयाकडे परत येणारं रक्त फुगलेल्या छातीत शिरायला अडतं. हृदय भरत नाही, म्हणून दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं. ती भरपाई करायला ठोके वाढतात आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. नाडीचा चढ इथून येतो.

श्वास सुटला की महाधमनीवरची पकड एकदम सैल होते आणि एक-दोन सेकंद रक्तदाब खाली घसरतो. नाडी अजून वरच असते. आमच्या आलेखातला १३१ हा आकडा याच क्षणाचा. आणि याच वेळी अडून राहिलेलं सगळं रक्त छातीत परत येतं. हृदय भरून जोरात रक्त फेकतं, पण पुढच्या रक्तवाहिन्या अजून आकसलेल्याच असतात. अरुंद नळीत जास्त पाणी, म्हणून दाब मूळच्यापेक्षाही वर जातो. मानेतली टोकं पुन्हा कळवतात आणि व्हेगस मज्जातंतू हृदयाला झटकन ब्रेक लावतो. त्यांना भीती वाटली ती दरी म्हणजे हा ब्रेक. हृदय थकल्याची ती खूण नाही, दाब आवरणारी यंत्रणा जागी असल्याची आहे.

इथे एक प्रामाणिक दुरुस्ती करायला हवी. वर सांगितलेले टप्पे शांत बसून फुंकणाऱ्या माणसाचे आहेत. १०० किलो ओढणाऱ्या माणसाच्या मांड्या, पाठ आणि नितंबांचे स्नायूही आवळलेले असतात. ते आतल्या धमन्या दाबतात, शिरांमधलं रक्त वर ढकलतात, आणि "जोर लाव" हा मेंदूचा आदेशच नाडी चढवतो. त्यामुळे मधल्या टप्प्यात रक्तदाब पडण्याऐवजी प्रचंड वर राहतो. किती वर? १९८५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात शरीरसौष्ठवपटूंच्या दंडाच्या धमनीत थेट नळी घालून, दोन्ही पायांनी जड लेग प्रेस करताना दाब मोजला गेला. सरासरी ३२०/२५० आली आणि एकाचा दाब ४८०/३५० च्या पुढे गेला. हा आकडा मी प्रत्येक जड उचलणाऱ्याला सांगते, कारण नाडीच्या आलेखात तो कुठेच दिसत नाही. १३१ ठोके पाहून वाटतं की गडावरच्या १५५ पेक्षा हे सोपं होतं. हृदय ज्या दाबाविरुद्ध काम करत होतं तो मात्र गडावरच्या दाबापेक्षा कितीतरी मोठा होता.

मग अंधारी नेमकी कधी आली? बार टेकून श्वास सुटला त्या एक-दोन सेकंदांत. छातीचा दाब गेला आणि त्याच क्षणी आवळलेले स्नायूही सैल झाले, त्यांच्यातल्या दबलेल्या रक्तवाहिन्या उघडल्या आणि रक्त तिकडे धावलं. त्यात हे वाकलेल्या स्थितीतून ताडकन उभे राहिले, डोकं एकदम वर गेलं. तिन्ही गोष्टी एकाच वेळी. आणि मी उलटतपासणी घेतली तेव्हा चौथी कळली. त्या दिवशी श्रावणी सोमवारचा उपवास होता. आदल्या रात्री लवकर जेवलेले, सकाळी फक्त चहा. शरीरात पाणी कमी असलं की हृदयाकडे परतणारं रक्त आधीच कमी असतं, आणि मग तीच घसरण जास्त खोल जाते. आलेखात जी दरी त्यांना दिसली ती अंधारीनंतर काही सेकंदांनी आलेली होती. त्यांना वाटत होतं की नाडी पडली म्हणून अंधारी आली. दाब पडला म्हणून अंधारी आली, आणि नाडी पडली ती दाब सावरून वर गेल्यावर.

डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या भेटीत एक जुनी चाचणीही करून दाखवली. रक्तदाबाच्या यंत्राच्या नळीला तोंडात धरायची नळी जोडली. त्यात फुंकून काटा ४० वर पंधरा सेकंद धरायचा, ईसीजी चालू ठेवायचा, मग सोडायचं. ते फुंकत असतानाचे सर्वांत जवळचे ठोके ०.५८ सेकंदावर होते आणि सोडल्यानंतरचे सर्वांत लांबचे ०.९२ वर. दुसऱ्याला पहिल्याने भागलं तर १.५९ येतं. बराच काळ वापरात असलेल्या निकषाप्रमाणे १.२१ किंवा त्याहून जास्त म्हणजे मज्जातंतूंचं काम ठीक. मधुमेहाने हृदयाच्या मज्जातंतूंना इजा झाली आहे का, हे पाहायला ही चाचणी करतात. आमच्या जिममधल्या आलेखात हेच गुणोत्तर १.९ च्या आसपास निघतं, पण त्याची या निकषाशी तुलना करायची नाही. तिथे स्नायूंचा जोरही मिसळलेला आहे आणि फुंकण्याचा दाब कुणी मोजलेला नाही.

यातून एक उलटी गोष्ट निघते आणि ती मी नंतर माझ्या इतर लोकांनाही सांगितली. जड सेटनंतर ज्याची रेघ चढते आणि कोसळते त्याच्यापेक्षा ज्याची रेघ हलतच नाही त्याला मी जास्त प्रश्न विचारते. बऱ्याचदा कारण साधं असतं, बीटा ब्लॉकर गटाची रक्तदाबाची गोळी चालू असते आणि ती नाडीला चढूच देत नाही. पण जुना मधुमेह असेल आणि रेघ सपाट असेल तर डॉक्टरांकडे पाठवते.

वीस मिनिटांच्या विश्रांतीनंतर दुसरा सेट घेतला. वजन तेच, रेप्स तीनच, फक्त श्वास बदलला. प्रत्येक रेपआधी बार जमिनीवर असताना श्वास घ्यायचा, पोट कमरपट्ट्यावर चारी बाजूंनी दाबायचं, बार गुडघ्यांच्या वर गेला की ओठांच्या बारीक फटीतून हवा सोडायला लागायचं. खाली नेताना पुन्हा थोडी धरायची, टेकवून सोडायची, मग नवा श्वास. पहिल्या रेपला गडबडले, दुसऱ्याला जमलं. या सेटला अठरा सेकंद लागले. नाडी ९५ वरून १२२ पर्यंत गेली आणि बार ठेवल्यावर वीस सेकंदांत ८३ वर उतरली. मधला टोकदार खड्डा नाही, परत उसळी नाही. उतार होताच, कारण जोर संपल्यावर मेंदूचा आदेशही संपतो आणि नाडी तशीही झपाट्याने उतरते. पण दोन आलेख एकावर एक ठेवले की श्वासाचा वाटा कुठला आणि मेहनतीचा कुठला, हे डोळ्यांना दिसत होतं.

"मग श्वास कोंडायचाच नाही का?" त्यांनी विचारलं. हा सल्ला जिमच्या भिंतींवर लिहिलेला असतो आणि तो मला पटत नाही. कोंडलेली हवा पोटात दाब तयार करते आणि तो दाब कण्याला पुढून आधार देतो. आपल्या कमाल ताकदीच्या ऐंशी टक्क्यांच्या वर गेलं की घसा आपोआप मिटतोच, कितीही ठरवलं तरी. प्रश्न किती सेकंद आणि सोडायचं कसं याचा आहे. एका रेपचे दोन-तीन सेकंद वेगळे आणि तीन रेप्सचे अकरा वेगळे. आणि ज्याचा रक्तदाब वरचा आहे, ज्याच्या डोळ्याच्या पडद्याला इजा आहे, काचबिंदू आहे किंवा हर्निया आहे, त्याने ऐंशी टक्क्यांच्या वर जायचं की नाही हे डॉक्टरांनाच विचारायचं.

सोडण्याची पद्धत आम्ही अशी बसवली. बार टेकल्यावर हात बारवरच, गुडघे वाकलेले. तिथेच दोन श्वास. मग मांड्या आणि पोटऱ्या आवळलेल्या ठेवून हळू उभं राहायचं, रॅकला हात लावायचा आणि टाचा चार-पाच वेळा वर-खाली करायच्या, म्हणजे पायातलं रक्त वर येतं. त्यानंतर पाण्याच्या बाटलीकडे चालायचं. माझ्या पाहण्यात बार ठेवून तडक पाण्याकडे चालत निघालेले लोकच जास्त वेळा झोकांडी खातात.

त्यांना मी काही गोष्टी लिहूनही दिल्या, कारण या साध्या खुलाशाच्या आड खरा आजार लपता कामा नये. बार हातात असतानाच, जोर चालू असताना नाडी पडली किंवा अंधारी आली तर ते हे प्रकरण नाही. अंधारी मिनिटभर टिकली, छातीत दुखलं, एकाएकी असह्य डोकं दुखलं, किंवा सेट संपून पाच मिनिटं झाली तरी ठोके उलटसुलट अंतराने पडत राहिले, तर त्याच दिवशी दवाखाना. आमच्या आलेखात ठोक्यांची अंतरं क्रमाने वाढली आणि क्रमाने कमी झाली. अचानक एक लांब रिकामी जागा आणि मग जोराचा ठोका असं दिसलं तर निर्णय ईसीजी पाहणाऱ्याचा.

तीन महिन्यांनी पुन्हा पट्टा लावला. १०० किलो, पाच रेप्स, प्रत्येकाला वेगळा श्वास. नाडी ९० वरून १२६, तिथून अर्ध्या मिनिटात ८८, खड्डा नाही. अंधारी त्यानंतर एकदाही आलेली नाही. घरचा रक्तदाब १२८/८२ च्या आसपास आहे. त्याचं श्रेय श्वासाला देता येणार नाही, त्यांनी मीठ आणि रात्रीचं जेवणही कमी केलंय. सोमवारचा उपवास त्यांनी सोडलेला नाही. डेडलिफ्टचा दिवस मात्र आता बुधवार आहे.